जमिनीपर्यंत गेलेले डंबेल: वजन उतरवण्याच्या काळातील एका कंबरदुखीचे प्रकरण

सांगलीतील एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या, 36 वर्षांच्या एका बाईंचे हे प्रकरण आहे. त्यांची उंची 158 सेंटिमीटर असून दीड वर्षापासून त्या नियमितपणे वजनाचा व्यायाम करत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वजन 68 किलो होते; त्याआधीच्या सात आठवड्यांत, खाणे कमी करून, ते 72 वरून तिथपर्यंत आले होते. तक्रार एकच होती: स्टिफ लेग डेडलिफ्ट, म्हणजे गुडघे जवळजवळ सरळ ठेवून हातातले वजन खाली नेत खुब्यातून वाकण्याचा व्यायाम, केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर तोंड धुण्यासाठी वाकताना कंबरेत, पट्टा बांधतो त्या रेषेत आणि किंचित उजवीकडे, चमक येत असे. दिवसभरात ती ओसरे आणि पुढच्या व्यायामानंतर पुन्हा उभी राही. अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांना आधीच तपासले होते. पायात कळ जात नव्हती, मुंग्या नव्हत्या, पावलातली ताकद शाबूत होती, लघवी-शौचावरचे नियंत्रण व्यवस्थित होते. यांपैकी एकही गोष्ट बिघडलेली असती, तर हे प्रकरण व्यायामशाळेत हाताळण्याजोगे राहिलेच नसते. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली, दुखणे गेले, त्यांनी पूर्वीचाच व्यायाम पूर्वीसारखाच सुरू केला आणि दुखणे परत आले.

दुखणे व्यायाम करताना होत नव्हते, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. त्यांचे म्हणणे असे होते: "करताना कंबरेला काहीच जाणवत नाही हो, उलट मांडीच्या मागे मस्त ताण येतो." हे वाक्य दिलासा देणारे वाटते, प्रत्यक्षात दोष ओळखण्याची खूण त्यातच होती.

व्यायामात नेमके काय होत होते

आम्ही त्यांचा एक पूर्ण सेट बाजूने, कंबरेच्या उंचीवर फोन ठेवून चित्रित केला. समोरून घेतलेल्या चित्रणाचा या व्यायामात काहीच उपयोग होत नाही, आणि आरशाचा तर तोटाच होतो, कारण बाजूच्या आरशात स्वतःला पाहण्यासाठी मान वळवावी लागते आणि मान वळली की वरची पाठही थोडी वळते. बाई दोन्ही हातांत साडेबारा किलोचे डंबेल घेऊन 15-15 रेप्सचे चार सेट करत होत्या. पहिल्या सहा-सात रेप्स पाहण्यासारख्या होत्या: डंबेल मांडीला घासत खाली येत होते आणि नितंब मागे सरकत होते. फक्त प्रत्येक वेळी त्या डंबेल जमिनीला टेकवूनच वर येत होत्या. आठव्या रेपपासून डंबेल गुडघ्यांखाली पायांपासून सुटून पुढे जाऊ लागले आणि बाराव्यापासून कंबरेचा भाग उघडपणे गोल होऊ लागला. शेवटच्या तीन रेप्समध्ये नितंब जागचे हलतच नव्हते. वाकणे आणि उठणे दोन्ही केवळ पाठीतून चालले होते.

हा व्यायाम ज्या स्नायूंसाठी आहे ते मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ज्या हाडावर आपण बसतो तिथून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडले जातात. त्यांच्यातला एक छोटा भाग सोडला तर ते खुबा आणि गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडतात. त्यामुळे गुडघा जवळजवळ सरळ ठेवून खुब्यातून पुढे वाकले की ते दोन्ही टोकांनी ताणले जातात, आणि त्या ताणलेल्या अवस्थेत वजन पेलणे हाच या व्यायामाचा खरा लाभ आहे. पण ताणाला मर्यादा असते. हॅमस्ट्रिंग जितके लांबू शकतात तितके लांबले की ओटीपोटाचे हाड आणखी पुढे झुकू शकत नाही. मग आणखी खाली जायचे तर एकच जागा उरते, ती म्हणजे कंबरेचे मणके. गुडघे अधिक वाकवून केल्या जाणाऱ्या रोमानियन डेडलिफ्टमध्ये हॅमस्ट्रिंगना थोडी ढील मिळते आणि ही मर्यादा उशिरा येते. स्टिफ लेग प्रकारात ती लवकर येते. दोन्ही व्यायाम एकच आहेत असे समजून एकाची खोली दुसऱ्यात शोधणे ही आमच्या पाहण्यातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

डंबेलमुळे ही चूक आणखी सोपी होते. बारबेलला मोठ्या चकत्या लावल्या की त्यांचा व्यास साधारण 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे दांडी जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर थांबतेच. डंबेलला असा काही अडसर नसतो. ते थेट घोट्यापर्यंत जातात. जमीन दिसते म्हणून ती गाठायची, असे बाईंनी कुठल्याशा व्हिडिओवरून मनाशी ठरवले होते.

आता त्या "काहीच जाणवत नाही" या वाक्याकडे येऊ. माणूस पुढे पूर्ण वाकतो तेव्हा एका टप्प्यानंतर कण्याच्या बाजूचे उभे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि भार कण्यामागच्या अस्थिबंधांवर व इतर निष्क्रिय ऊतींवर जातो. स्नायू काम करत नसल्याने तिथे जळजळ होत नाही, थकवाही वाटत नाही, आणि करणाऱ्याला वाटते की कंबर मोकळी आहे. त्या ऊती पुन्हा पुन्हा ताणल्या गेल्याची पावती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. याच्या उलट, कंबरेच्या दोन्ही बाजूंना सारखा, बोथट थकवा आला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तो निघून गेला, तर ते बहुधा त्या स्नायूंनी आपले काम केल्याचेच लक्षण असते. बाईंना हा फरक कळल्यावर त्यांनी स्वतःच सांगितले की सुरुवातीच्या महिन्यांत त्यांना असा थकवा यायचा आणि अलीकडे तो येणे बंद झाले होते.

इथे थोडा तोल राखायला हवा. चांगल्या दिसणाऱ्या डेडलिफ्टमध्येही कंबरेचे मणके थोडे वाकतातच, आणि पाठ जराशी गोल झाली की मणक्यांमधली चकती सरकते असे सांगून माणसांना घाबरवणे आम्हाला मान्य नाही. या प्रकरणात आक्षेप थोड्याशा वाकण्याला नव्हता. थकलेल्या अवस्थेत, वाकण्याच्या अगदी टोकाला, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक सेटमध्ये तेच घडत होते, त्याला होता.

डंबेल पुढे सुटण्याचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. दोन्ही मिळून 25 किलो. ते पायांपासून 10 सेंटिमीटर पुढे गेले, तर कंबरेच्या मणक्यापासूनचे त्यांचे अंतर तितकेच वाढते. कण्यामागचे स्नायू मात्र मणक्याच्या मध्यापासून साधारण 5 ते 6 सेंटिमीटरवरून ओढतात. म्हणजे त्या 10 सेंटिमीटरची भरपाई करण्यासाठी त्यांना जवळपास 40 ते 50 किलोइतका जास्तीचा जोर लावावा लागतो, आणि तो सगळा मणक्यांवर दाब म्हणून पडतो. वजन न वाढवता भार वाढवायचा याहून सोपा मार्ग नाही.

खाणे कमी झाले आणि काम दुप्पट झाले

ही पद्धत वर्षभर चालली आणि मग अचानक दुखू लागले, असे का, हा प्रश्न उरतो. बाईंच्या वहीत त्याचे उत्तर होते. वजन उतरवायला घेण्यापूर्वी त्या याच डंबेलनी 10 रेप्सचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, करत; म्हणजे आठवड्याला 60 रेप्स. कटिंग सुरू करताना त्यांनी "चरबी जाळायची तर रेप्स वाढवायच्या" या सर्वत्र ऐकू येणाऱ्या सल्ल्यानुसार 15 चे चार सेट केले. म्हणजे आठवड्याला 120. त्याच आठवड्यात त्यांनी रोजचे खाणे साधारण 1900 कॅलरींवरून 1300 वर आणले आणि रोज 40 मिनिटे चढावरची ट्रेडमिल जोडली. एक तृतीयांश खाणे गेले आणि नेमक्या त्याच वेळी या व्यायामाचे काम दुप्पट झाले. जमिनीला डंबेल टेकवण्याची सवय आधीही होती, पण 10 रेप्समध्ये पाठ गोल होण्याची वेळ जेमतेम येत असे. 15 मध्ये ती हमखास येऊ लागली.

उष्मांकांची तूट पाठीला थेट इजा करत नाही. ती थकवा लवकर आणते आणि भरून येण्याला उशीर लावते. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा कमी असला की जड सेटच्या पहिल्या काही रेप्स नेहमीसारख्याच जातात, तफावत शेवटी पडते. चित्रणात नेमके तेच दिसले होते. त्यांच्या आहारात प्रथिने दिवसाला 55 ग्रॅमच्या आसपास होती. तुटीच्या काळात स्नायू टिकवायचे तर शरीराच्या दर किलोला निदान 1.6 ग्रॅम प्रथिने धरतात. त्या हिशेबाने 68 किलोला 109 ग्रॅम होतात, म्हणजे त्या अर्ध्यावरच होत्या. झोप साडेपाच-सहा तास होती.

वेळही वाईट निवडली गेली होती. सकाळी साडेपाचला उठून, केवळ चहा घेऊन, सहाला त्या व्यायामशाळेत येत आणि डेडलिफ्ट "अवघड म्हणून आधी" करत. रात्रभर आडवे असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकताना त्यांच्यावर आणि अस्थिबंधांवर येणारा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा जास्त असतो. ज्यांची कंबर आधीच कुरकुरते आहे त्यांनी त्या तासात भार घेऊन खोल वाकू नये, असे आमचे मत आहे.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट पट्ट्याची. बाई चामडी पट्टा बांधून हा व्यायाम करत, आणि चार किलो उतरल्यावरही तो जुन्याच छिद्रावर बांधत होत्या. आम्ही बोटे घालून पाहिले तर चार बोटे सहज आत गेली. अशा पट्ट्यावर पोट दाबले जात नाही, त्यामुळे त्याचा आधार शून्य, आणि भरवसा मात्र पूर्ण. तो आम्ही काढूनच टाकला, कारण एवढ्या वजनाला त्याची गरज नव्हती.

दुरुस्ती

पहिल्या आठवड्यात डंबेल बंद केले आणि हातात काठी दिली. काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर अशा तीन ठिकाणी टेकलेली असावी. एक हात मानेमागे, दुसरा कंबरेमागे. पाय कंबरेच्या रुंदीचे, गुडघे किंचित वाकवून तिथेच कायम ठेवलेले. मग नितंब मागच्या भिंतीकडे ढकलत पुढे वाकायचे. काठी माकडहाडावरून सुटली, किंवा नितंब मागे जायचे थांबले, की तीच त्या दिवसाची खोली. बाईंच्या बाबतीत ती गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर आली. जिथे त्या डंबेल नेत होत्या ती जागा याहून वीतभर खाली होती, आणि ती सगळी वीत कंबरेतून काढलेली होती. त्यांच्या नडगीवर खडूने रेघ मारून दिली आणि डंबेल त्या रेघेच्या खाली न्यायचे नाहीत असे ठरले.

गुडघ्यांबद्दल एक खुलासा करायला हवा. स्टिफ लेग म्हणजे गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ, असा अर्थ बरेच जण घेतात. गुडघा पूर्ण मागे दाबून धरला की हॅमस्ट्रिंगचा ताण गुडघ्यामागच्या शिरांपाशी आणि पोटरीच्या वरच्या टोकाला जाणवू लागतो, आणि मांडीच्या मधल्या भागाला मिळणारे काम कमी होते. साधारण 15 अंशांचा वाक द्यावा आणि तो वर-खाली होताना बदलू देऊ नये. बाईंचा गुडघा उठताना आधी सरळ होत असे आणि पाठ मागून येत असे. हा क्रम चित्रणात थांबवून दाखवल्यावर दोन दिवसांत सुधारला.

दुसऱ्या आठवड्यात साडेसात किलोचे डंबेल, आठ रेप्सचे तीन सेट. डंबेल जमिनीवरून न उचलता बाकावरून घ्यायचे, कारण उचलताना आणि ठेवताना निष्काळजीपणे वाकले तर सेटमध्ये सांभाळलेले सगळे तिथेच सांडते. वर उभे असताना श्वास घ्यायचा आणि खोकण्याच्या बेतात असताना पोट जसे आवळते तसे आवळायचे. खाली जायला तीन सेकंद, डंबेल आधी मांडीला आणि मग नडगीला घासत. रेघेपाशी क्षणभर थांबायचे. वर येताना जमीन पायांनी दाबत नितंब पुढे आणायचे, आणि सरळ उभे राहिले की थांबायचे. शेवटी नितंब आवळण्याच्या नादात मागे झुकण्याची खोड त्यांना होती. त्यात नितंबाचे स्नायू फारसे जास्त काम करत नाहीत, कंबर मात्र उलट बाजूला चेपली जाते.

थांबण्याचा नियम आम्ही आकड्यावर ठेवला नाही. डंबेल पायावरून सुटला की सेट संपला, मग ती पाचवी रेप असो की आठवी. व्यायामाचा हा प्रकार आठवड्यातून एकदाच ठेवला, आणि तोही सत्रात तिसऱ्या क्रमांकावर, वीस मिनिटे चालणे आणि स्क्वॉट झाल्यावर. दुसऱ्या दिवशी हॅमस्ट्रिंगसाठी यंत्रावरचा लेग कर्ल आणि नितंबासाठी हिप थ्रस्ट दिला. दोन्हींत कंबरेवर वाकण्याचा भार येत नाही. अशा रीतीने त्या स्नायूंना आठवड्यात दोनदा काम मिळत राहिले.

खाणे 1550 कॅलरींच्या आसपास आणले, म्हणजे तूट साधारण 350 ची राहिली. बाई अंडी खातात, मांसाहार करत नाहीत. तीन अंडी, 50 ग्रॅम सोया चंक्स (त्यातून सुमारे 26 ग्रॅम प्रथिने मिळतात), एक माप व्हे, आणि नेहमीचे दही, वरण व मटकीची उसळ एवढ्यावर 100 ग्रॅमचा टप्पा ओलांडता आला. सकाळच्या चहाबरोबर एक केळे आले. चढावरची ट्रेडमिल आठवड्यातून तीन दिवसांवर आणली. याला त्यांनी सर्वांत जास्त विरोध केला. "मग वजन कसं उतरणार?" हा प्रश्न रास्तच होता, आणि उत्तर "हळू उतरेल" एवढेच होते.

पुढचे दहा आठवडे

सकाळची चमक तिसऱ्या आठवड्यात थांबली. चौथ्या आठवड्यात डंबेल 10 किलोंचे झाले, सहाव्यात परत साडेबारा. रेघ मात्र हलली नाही. आठव्या आठवड्यात काठीने पुन्हा मोजले तेव्हा खोली दोन बोटांनी वाढली होती, तेवढीच रेघ खाली सरकवली. दहा आठवड्यांत वजन 65 किलोंच्या किंचित वर आले, आधीच्या वेगाच्या जवळजवळ निम्म्याने.

सातव्या आठवड्यात एक प्रसंग नोंदवण्यासारखा घडला. आषाढी एकादशीचा उपवास साबुदाणा आणि फळांवर झाला होता, रात्री झोपही उशिरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेडलिफ्टची पाळी होती. पहिला सेट नीट गेला. दुसऱ्यात सहाव्या रेपला डंबेल नडगीवरून सुटलेला त्यांना स्वतःलाच जाणवला आणि त्यांनी तिथेच वजन बाकावर ठेवले; तिसरा सेट केला नाही. दुसऱ्या दिवशी कंबर ठीक होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी 15 पूर्ण केल्या असत्या. तुटीच्या काळात असे दिवस येणारच, त्यांत वजन तेच ठेवून रेप्स आणि सेट कापावेत, असे आम्ही सांगतो. वजन हलके करून रेप्स वाढवणे हा उलटा उपाय आहे, कारण बिघाड जिथे होतो ती सेटची शेपटी त्याने आणखी लांबते.

या प्रकरणाची एक मर्यादा उघड आहे. खोली, रेप्स, दिवसाची वेळ, खाणे आणि चालणे हे सगळे जवळपास एकाच वेळी बदलले, त्यामुळे कशाचा वाटा किती हे सांगता येत नाही. आमचा कल असा आहे की निम्म्याहून अधिक श्रेय खोली आणि रेप्स कमी करण्याला जाते, कारण चमक थांबली तेव्हा वाढवलेल्या प्रथिनांना जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि झोपेत तर फारसा फरक पडलाच नव्हता. ज्याची पद्धत मुळात चांगली आहे पण तूट हजार कॅलरींची आहे, अशा माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा असू शकेल.

सध्या त्या 15 किलोचे डंबेल वापरतात. या वजनाला हॅमस्ट्रिंगच्या आधी त्यांची मूठ सुटू लागली आणि मूठ सुटू लागली की खांदे पुढे ओघळून डंबेल पुन्हा पायांपासून दूर जाऊ लागले, म्हणून तिसऱ्या सेटला मनगटाचे स्ट्रॅप्स दिले आहेत. पहिले दोन सेट अजूनही स्ट्रॅप्सशिवायच होतात.